थकलेलं बिल मिळाल्यावर लिहायचं पत्र

कित्येक महिने अडकलेल्या बिलाचे पैसे जमा झाले की लहान कारखानदार सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर काहीच कळवत नाही. ‘आपलेच पैसे होते, त्यात आभार कसले?’ असं त्याला वाटतं, आणि तो राग खोटा नसतो. नाहीतर मोबाइलवर ‘थँक यू सर’ असा दोन शब्दांचा मेसेज टाकतो आणि कामाला लागतो. दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. समोरच्या कंपनीच्या लेखी हा विषय संपतो आणि पुढचं बिल पुन्हा त्याच वाटेने, त्याच टेबलावर जाऊन अडकतं.

मी लहान उद्योजकांचे हिशेब सांभाळतो. येणी वसूल कशी करायची हे मला खूपदा विचारलं जातं. वसुली झाल्यावर काय करायचं, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. खरं तर पुढच्या बिलांची घडी बसवायला तोच सर्वांत चांगला मुहूर्त असतो. पैसे अडकलेले असताना तुम्ही काहीही लिहा, ते मागणंच ठरतं आणि समोरचा माणूस बचावाच्या पवित्र्यात असतो. पैसे मिळाल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत मात्र तुम्हाला काही मागायचं नसतं आणि त्याला काही टाळायचं नसतं. एवढ्या मोकळेपणाने बोलण्याची वेळ पुढच्या बिलापर्यंत पुन्हा येत नाही.

एक उदाहरण नीट पाहू. समजा, भोसरी एमआयडीसीत एक छोटं वर्कशॉप आहे. मालक, पाच-सहा कामगार, दोन मिलिंग मशीन, एक लेथ. ते चाकणच्या एका कंपनीला फिक्स्चर बनवून देतं, म्हणजे मशीनिंग करताना भाग घट्ट धरून ठेवणारी साधनं. कंपनी मराठी कुटुंबाची आहे, संबंध जुने आहेत. १२ जूनला माल पोचला आणि त्याच तारखेचं बिल क्रमांक ४७ गेलं. मालाची किंमत ३,२०,००० रुपये, त्यावर १८ टक्क्यांनी जीएसटी ५७,६०० रुपये, एकूण ३,७७,६०० रुपये. पर्चेस ऑर्डरवर, म्हणजे सगळे जिला पीओ म्हणतात तिच्यावर, माल मिळाल्यापासून ४५ दिवसांत पैसे देण्याची अट होती. त्या हिशेबाने देय तारीख २७ जुलै. पैसे आले १९ नोव्हेंबरला, म्हणजे ११५ दिवस उशिरा.

या ११५ दिवसांत वर्कशॉपवर काय गुदरलं ते पाहिल्याशिवाय पत्रातला संयम किती महाग असतो ते कळणार नाही. पोलाद रोखीने किंवा फार तर आठ दिवसांच्या उधारीवर आलेलं. कामगारांचे पगार दर महिन्याला झालेले. आणि जीएसटी? तो बिल काढलं की लागू होतो, पैसे आले की नाही हे सरकार विचारत नाही. दरमहा विवरण भरणाऱ्याला जूनच्या बिलावरचा कर २० जुलैपर्यंत भरावा लागतो. पोलादावर भरलेल्या कराची वजावट मिळते हे खरं, पण उरलेली रक्कम खिशातूनच गेली. जो पैसा हातात आलाच नव्हता, त्यावरचा कर वर्कशॉपने चार महिने आधी भरला होता. मालकाच्या मनात कडवटपणा साचला असेल, तर त्याला कारण आहे.

तरीही पत्र लिहायला बसण्याआधी त्याने एक प्रश्न विचारायला हवा. बिल नेमकं कुठे अडकलं होतं?

‘पार्टी पैसे देत नाही’ असं आपण सरसकट म्हणतो. कधी तेच खरं असतं. कंपनीकडे पैसाच नसतो किंवा ती मुद्दाम लहान पुरवठादारांच्या पैशावर धंदा चालवते. पण बऱ्याचदा अडचण कागदात असते. मोठ्या आणि मध्यम कंपन्यांत बिल पास होण्यासाठी तीन कागद एकमेकांशी जुळावे लागतात. पहिला पीओ. दुसरा जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची स्टोअर्सने सिस्टीममध्ये केलेली नोंद. तिसरं तुमचं बिल. तिन्हींतले नग, दर आणि पीओ क्रमांक जुळले की बिल देयकांच्या यादीत जातं. एक आकडा चुकला तर बिल बाजूला पडतं, आणि बाजूला पडलंय हे कळवण्याची जबाबदारी बहुतेक ठिकाणी कोणाचीच नसते.

आपल्या उदाहरणात तेच झालं. काम सुरू झाल्यावर कंपनीने दोन जादा क्लॅम्प मागितले आणि सुधारित पीओ काढला. वर्कशॉपच्या चलनावर मात्र जुन्याच पीओचा क्रमांक गेला. गेटवर शिक्का बसला, माल आत गेला, वापरातही आला. पण जुन्या पीओवर तेवढे नग नव्हते, त्यामुळे स्टोअर्सला जीआरएन करता येईना. बिल गेलं होतं खरेदी विभागातल्या इंजिनिअर साहेबांच्या मेलवर, आणि जुलैमध्ये त्यांची दुसऱ्या प्लांटला बदली झाली. अकाउंट्सच्या दृष्टीने असं बिल अस्तित्वातच नव्हतं. मालक फोन करत राहिले, त्यांना ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर मिळत राहिलं. शेवटी ऑक्टोबरअखेर अकाउंट्समधल्या एका मॅडमनी चलन मागवलं, स्वतः स्टोअर्समध्ये जाऊन नोंद दुरुस्त करून घेतली आणि बिल यादीत घातलं. क्लॅम्पपैकी एक मापात कमी भरला होता. त्याचे जीएसटीसह ४,७२० रुपये वजा करून ३,७२,८८० रुपये जमा झाले.

आता आभार कोणाचे आणि कशाचे, हे सरळ आहे. ठरलेले पैसे दिल्याबद्दल कंपनीचे आभार मानायची गरज नाही. ते तिचं कर्तव्य होतं आणि ते तिने उशिरा पार पाडलं. आभार मानायचे ते त्या मॅडमचे, कारण त्यांनी आपल्या रोजच्या कामापलीकडे जाऊन एक गुंता सोडवला. अकाउंट्समधल्या माणसाला दिवसभर तगाद्याचेच फोन येतात. त्याने केलेल्या कामाची नेमकी नोंद घेणारं पत्र त्याला फारसं कधी येत नाही. आभार असे नेमके असले की ते लाचारीचे वाटत नाहीत आणि लिहिणाऱ्यालाही खोटं लिहिल्यासारखं होत नाही.

पत्र लिहिण्याआधी अर्धा तास हिशेबाला द्यावा. जमा झालेला आकडा बिलाशी ताडून पाहावा. फरक असेल तर तो कशाचा? सेवेच्या बिलात बहुधा टीडीएस कापलेला असतो, मालाच्या बिलात एखादी वजावट असते, एकापेक्षा जास्त बिलं थकली असतील तर रक्कम दुसऱ्याच बिलापोटी टाकलेली असू शकते. कंपनीकडून पेमेंट अॅडव्हाइस येते, तिच्यात कोणत्या बिलाचे किती ते लिहिलेलं असतं. ती आली नसेल तर मागून घ्यावी. हे न करता घाईने ‘सर्व रक्कम मिळाली, धन्यवाद’ असं लिहिलं आणि आठ दिवसांनी ४,७२० रुपयांचा फरक लक्षात आला, तर पुन्हा तगादा सुरू होतो आणि पत्राने कमावलेलं सगळं जातं.

त्यानंतर लिहायचं पत्र साधारण असं:

*विषय : बिल क्र. ४७, दि. १२ जून, रक्कम मिळाल्याची पोच*

*सन्माननीय मॅडम,*
*सप्रेम नमस्कार.*

*आमच्या बिल क्र. ४७ पोटी ३,७२,८८० रुपये दि. १९ नोव्हेंबर रोजी आमच्या खात्यात जमा झाले. जीआरएनची अडलेली नोंद शोधून ती दुरुस्त करून घेण्यासाठी आपण स्वतः स्टोअर्सकडे पाठपुरावा केलात. त्याबद्दल मनापासून आभार.*

*बिलाची रक्कम ३,७७,६०० रुपये होती. मापात कमी भरलेल्या एका क्लॅम्पपोटी ४,७२० रुपये वजा झाले आहेत. ही वजावट आम्हाला मान्य आहे. तिची डेबिट नोट पाठवावी, म्हणजे आम्ही तेवढ्या रकमेची क्रेडिट नोट काढू आणि दोन्हीकडचे खाते जुळेल.*

*पुढील बिलांबाबत एक विनंती आहे. पीओप्रमाणे माल मिळाल्यापासून ४५ दिवसांत रक्कम देण्याचे ठरले आहे. यापुढे आम्ही प्रत्येक बिलावर देय तारीख छापू. माल पोचेल त्याच दिवशी बिल आणि शिक्का असलेले चलन खरेदी विभागाबरोबर आपल्याकडेही मेलने पाठवू. कागदपत्रांत काही कमी आढळल्यास सात दिवसांत कळवावे, आम्ही लगेच दुरुस्ती करून देऊ. आम्हाला पोलाद रोखीने घ्यावे लागते. रक्कम देय तारखेला मिळाली, तर आपल्या पुढच्या कामांचा माल आम्हाला आधीच घेऊन ठेवता येतो.*

*ही पद्धत आपल्याला सोयीची आहे का, आणि बिले कोणत्या मेल पत्त्यावर पाठवावीत, हे कृपया कळवावे. डिसेंबरमध्ये द्यायच्या दोन फिक्स्चरचे काम ठरल्याप्रमाणे सुरू आहे.*

*कळावे,*
*आपला विश्वासू*

पत्र एवढंच. एका पानात मावतं. पण त्यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी कामासाठी आहे.

पहिल्या परिच्छेदात रक्कम, तारीख आणि बिल क्रमांक आहे, त्यामुळे हे पत्र पोच म्हणून दोघांच्याही फाइलला लागतं. ‘उशिरा का होईना’ हे शब्द त्यात नाहीत. मालकाच्या पहिल्या मसुद्यात ते हमखास येतात, कारण ते मनात असतात. पण उशीर किती झाला हे बिलाची तारीख आणि जमा झाल्याची तारीख शेजारी ठेवली की दिसतंच. आकड्यांनी जे सांगून झालं, ते टोमण्याने पुन्हा सांगितलं तर वाचणारा आभारांची ओळ विसरतो आणि टोमणा लक्षात ठेवतो.

याच परिच्छेदात दुसरी एक गोष्ट जाणूनबुजून टाळली आहे. ‘आता आपल्याकडून काहीही येणे बाकी नाही’ किंवा ‘सर्व हिशेब चुकता झाला’ असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्याकडे सौजन्य म्हणून हे वाक्य सहज लिहिलं जातं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना उशिराच्या पैशांवर व्याज मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तुम्ही तो आज वापरणार नसाल, पण हिशेब पूर्ण मिटल्याचं लेखी दिलंत तर उद्या तेच तुमच्यासमोर ठेवलं जाऊ शकतं. म्हणून पोच फक्त मिळालेल्या रकमेची द्यावी.

त्या कायद्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पत्राचा सूर कशाच्या बळावर मऊ ठेवता येतो ते त्यातून कळतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ही मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. पीओवर ६० किंवा ९० दिवस छापलेले असले तरी कायद्याची मर्यादा ४५ दिवसांचीच. लेखी काही ठरलेलंच नसेल तर मुदत १५ दिवसांची. मालाबद्दल तक्रार असेल तर ती घेणाऱ्याने १५ दिवसांत लेखी कळवायची, नाहीतर माल पोचला त्या दिवशीच स्वीकारला असं धरलं जातं. मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ करून व्याज लागतं. बँक दर साडेपाच टक्के धरला तर हा दर साडेसोळा टक्के होतो, आणि आपल्या उदाहरणातल्या ११५ दिवसांचं व्याज वीस हजारांच्या आसपास जातं.

हे सगळं मालकाला माहीत असलं पाहिजे. पत्रात मात्र त्यातलं काही यायला नको. ज्या मॅडमनी मदत केली, त्यांच्या आभारपत्रात कलम आणि व्याजदर घातले तर त्या ते पत्र वरिष्ठांकडे पाठवतील, वरिष्ठ ते कायदा विभागाकडे पाठवतील, आणि पुढची ऑर्डर देताना खरेदी विभाग दुसऱ्या वर्कशॉपचं कोटेशन मागवेल. वीस हजारांचं व्याज मागायचंच असेल तर तो वेगळा, विचारपूर्वक घ्यायचा निर्णय आहे. त्यासाठी वेगळं पत्र आणि गरज पडली तर सुविधा परिषदेची वाट आहे. ज्या ग्राहकाशी पुढे काम करायचं आहे, त्याच्याकडून पुढची तीन बिलं वेळेवर येणं त्या वीस हजारांपेक्षा जास्त मोलाचं असतं, असं माझं मत आहे. ज्याच्याशी काम संपलं, त्याच्या बाबतीत माझा सल्ला वेगळा असेल.

कायद्याचा हक्क पत्रात न सांगताही समोर ठेवायची एक साधी सोय आहे. बिलाच्या छापील मथळ्यात उद्यम नोंदणी क्रमांक आणि ‘सूक्ष्म उद्योग’ एवढं छापावं, आणि कंपनीच्या वेंडर मास्टरमध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या यादीत, तशी नोंद आहे का ते एकदा फोनवर विचारून घ्यावं. ही नोंद कंपनीच्या अकाउंट्सलाही हवीच असते. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात बदल केला आणि १ एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कायद्याच्या मुदतीत दिले नाहीत, तर ज्या वर्षी प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी तो खर्च म्हणून दाखवता येतो. म्हणून मार्चमध्ये अशा पुरवठादारांची यादी निघते आणि थकलेली बिलं एकाएकी हलू लागतात. एक मर्यादा लक्षात ठेवावी. उद्यम नोंदणी घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्यांनाही मिळते, पण ती बँककर्जातल्या प्राधान्यापुरतीच असते. उशिराच्या पैशांवरचं हे संरक्षण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे.

आपल्या उदाहरणात जूनचं बिल नोव्हेंबरात मिळालं. दोन्ही तारखा एकाच आर्थिक वर्षातल्या, त्यामुळे आयकराच्या या तरतुदीने कंपनीचं काहीच अडलं नाही. दुसरा दबाव जीएसटीचा. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर घेणाऱ्याला त्या बिलावर घेतलेली कराची वजावट व्याजासह परत करावी लागते, पैसे दिल्यावर ती पुन्हा घेता येते. १२ जूनच्या बिलाची ही मुदत ९ डिसेंबरला संपणार होती. काही महिने निपचित पडलेलं बिल पाचव्या-सहाव्या महिन्यात हललं तर त्यामागे हेही कारण असू शकतं. पण ४५ व्या दिवसापासून १८० व्या दिवसापर्यंतच्या मधल्या काळात करकायद्यातला कुठलाच काटा कंपनीला टोचत नाही. त्या साडेचार महिन्यांत बिल हलवणारा माणूसच लागतो. पत्र त्या माणसासाठी आहे.

आता पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदाकडे येऊ, कारण खरी अपेक्षा तिथे आहे. सर्वसाधारण पत्रात इथे ‘यापुढे बिले वेळेवर अदा करावीत ही नम्र विनंती’ असं वाक्य असतं. ते वाक्य वाचणाऱ्या माणसाच्या हातात काहीच देत नाही. मॅडमनी करायचं काय? पैसे सोडण्याचा अधिकार त्यांचा नाही. म्हणून मागणी अशी असावी जी त्या स्वतः पुरी करू शकतात. कागदात काही कमी असेल तर सात दिवसांत कळवा, ही तशी मागणी आहे. जूनमध्ये हे झालं असतं, तर चुकीचा पीओ क्रमांक २० तारखेच्या आत लक्षात आला असता आणि बिल जुलैअखेर मिळालं असतं. ज्या जागी यावेळी बिल अडकलं, नेमकी तीच जागा मोकळी करून मागायची. एका पत्रात एकच.

मागण्याआधी द्यायचंही असतं. देय तारीख आम्ही छापू, कागद त्याच दिवशी पाठवू, दुरुस्ती लगेच करू, ही तिन्ही आश्वासनं वर्कशॉपची आहेत, आणि कंपनीकडून मागितलं आहे ते एक. चलनावर जुना पीओ क्रमांक गेला ही चूक वर्कशॉपची होती. ती पत्रात शब्दाने कबूल केलेली नाही, पण तिची काळजी घेऊ हे वाचणाऱ्याला समजतं. असा परिच्छेद वाचून कोणालाही आपल्याला सुनावल्यासारखं वाटत नाही.

देय तारीख छापणं ही बारीक गोष्ट वाटते. ‘४५ दिवस’ एवढंच लिहिलं तर ते बिलाच्या तारखेपासून मोजायचे, मालाच्या तारखेपासून की जीआरएनच्या तारखेपासून, यावर मतभेद होतात. बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टीममध्ये दिवस जीआरएनपासून सुरू होतात. जीआरएनच रखडला तर मुदतीचे दिवस सुरूच होत नाहीत, आणि कंपनीच्या लेखी तुमचं बिल कधी थकलेलंच नसतं. ‘देय तारीख : २७ जुलै’ असं बिलावर छापलेलं असलं की निदान मोजणीचा वाद उरत नाही. शिवाय अनेक कंपन्या महिन्यातून ठरावीक दोनच दिवशी पैसे सोडतात. ते दिवस कोणते हे पत्राच्या उत्तरात किंवा फोनवर विचारून घ्यावं. समजा, ते ७ आणि २२ तारखेला असतील, तर २७ ची देय तारीख व्यवहारात एक तर २२ होते, नाहीतर पुढची ७. हे आधी माहीत असेल तर माल पाच दिवस आधी पोचवून एक फेरी वाचवता येते.

पोलाद रोखीने घ्यावं लागतं, हे वाक्य ठेवावं की नाही यावर मालक लोक अडखळतात. अडचण सांगणं त्यांना कमीपणाचं वाटतं. मी ते ठेवायला सांगतो, पण एका वाक्यापुरतंच, आणि ते समोरच्याच्या कामाशी जोडून. कर्जाचे हप्ते, मुलांच्या फी, घरातलं आजारपण यातलं काही लिहू नये. ते खरं असतं, पण वाचणाऱ्याला त्यावर काही करता येत नाही आणि तो अवघडतो. रक्कम वेळेवर आली तर तुमच्या पुढच्या कामाचा माल आधी घेऊन ठेवता येतो, हे मात्र त्याच्याही फायद्याचं बोलणं आहे. डिसेंबरच्या दोन फिक्स्चरचा उल्लेखही त्याचसाठी. उशीर झाला तरी तुमचं काम आम्ही अडवून ठेवलेलं नाही, हे त्यातून न बोलता पोचतं.

काही गोष्टी या पत्रात घालण्याचा मोह होतो, त्या वेगळ्या ठेवाव्यात. ‘यापुढे ३० टक्के आगाऊ लागतील’ ही अट पुढच्या कोटेशनमध्ये घालावी. तिथे ती व्यवहाराची बाब असते. आभारपत्रात तीच शिक्षेसारखी वाटते. लवकर पैसे दिल्यास सूट देण्याची तयारीही इथे दाखवू नये, कारण ठरलेल्या मुदतीत पैसे देणं ही सवलत घेऊन करायची गोष्ट आहे असा अर्थ त्यातून निघतो.

आणि हे पत्र प्रत्येक वेळी लिहायचं नसतं. थकलेल्या रकमेपैकी अर्धीच आली असेल, तर आभार थोडक्यात मानून उरलेली रक्कम आणि तिची तारीख स्पष्ट लिहावी. तिथे पुढच्या बिलांच्या पद्धतीबद्दल बोलायची वेळ झालेली नसते. एखादी कंपनी प्रत्येक बिल चार-सहा महिने लांबवत असेल आणि कागदात कधीच काही अडत नसेल, तर तिला पद्धत सुचवण्यात अर्थ नाही. तिच्या बाबतीत उधारीची मर्यादा ठरवावी. जुनं बिल आल्याशिवाय नवा माल निघत नाही, हे फोनवर शांतपणे सांगावं आणि पाळावं. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत ट्रेड्सची सोयही विचारावी. तिथे कंपनीने मान्य केलेलं बिल वित्तसंस्था थोडा बट्टा कापून आधी भरते आणि मुदतीला कंपनीकडून वसूल करते. वर्षाला २५० कोटींहून जास्त उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. चाकणची आपली कंपनी तेवढी मोठी नसेल तर तिला हे लागू नाही.

पत्र मेलनेच पाठवावं. मोबाइलवरचा मेसेज वाचला जातो, पण माणूस बदलला की तो त्याच्याबरोबर जातो, आणि बदलीमुळे बिल कसं हरवतं हे जूनच्या बिलात दिसलंच. मॅडमना मेल करताना खरेदी विभागालाही प्रत द्यावी, त्यांच्या वरिष्ठांना मात्र परस्पर देऊ नये. आभाराचं पत्रसुद्धा वरिष्ठांना परस्पर गेलं तर ‘माझ्यामुळे उशीर झाला असं दाखवलं’ असं वाटायला वेळ लागत नाही. मॅडमनी स्वतः ते पुढे पाठवलं तर उत्तमच. कंपनीचा कारभार इंग्रजीत चालत असेल तर पत्र इंग्रजीत लिहावं, मजकूर हाच राहू द्यावा.

उत्तर काय येतं ते नीट पाहावं. ‘नोटेड’ एवढंच आलं तर काही ठरलेलं नाही असं समजावं आणि दोन दिवसांनी एक फोन करावा. तेव्हा फक्त बिलं पाठवायचा पत्ता विचारावा, बाकी काही बोलू नये. उत्तरात मेलचा पत्ता आणि माणसाचं नाव आलं, तर ते त्याच दिवशी वर्कशॉपच्या बिलं काढणाऱ्या मुलाला देऊन टाकावं. डिसेंबरचा माल गेला की बिल आणि चलन त्या पत्त्यावर पाठवावं. सात दिवसांनी एका ओळीचा मेल टाकावा: ‘बिलाचा जीआरएन झाला आहे का, एवढे कळवावे.’ देय तारखेच्या आठवडाभर आधी आणखी एक मेल, त्यात बिल क्रमांक, रक्कम, तारीख, बस. या दोन मेलना उत्तर मिळू लागलं, तर नोव्हेंबरचं पत्र कामी आलं असं समजावं. जीआरएनच्या मेललाच उत्तर आलं नाही, तर ४५ दिवस संपायची वाट न पाहता आठव्या दिवशीच चलनाची प्रत घेऊन स्टोअर्सच्या खिडकीवर जावं.